सव्वानऊची घाई आणि दुपारची पेंग: इंट्राडे बाजाराचं घड्याळ

जुलै २०२४ मध्ये सेबीचा एक अभ्यास आला आणि त्यातला एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. रोखीच्या बाजारात इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकण्याचे व्यवहार करणाऱ्या दर दहा जणांपैकी सात जण २०२२-२३ या वर्षात तोट्यात गेले. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र फारसा कुणी वाचला नाही. तोट्यात गेलेल्यांनी जेवढा तोटा केला, त्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम दलाली, कर आणि इतर खर्चात घातली. म्हणजे शंभर रुपये बाजारात गेले आणि सत्तावन्न रुपये व्यवहार करण्यातच गेले.

हा दुसरा आकडा वाचला की प्रश्न पडतो तो असा: व्यवहार चुकीच्या शेअरमध्ये झाला की चुकीच्या वेळी? शेअर कोणता घ्यावा यावर नाशिकच्या चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे बोललं जातं. सकाळी ९:१७ ला घेतलेला शेअर आणि १०:१५ ला घेतलेला तोच शेअर हे दोन वेगळे व्यवहार आहेत, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

बाजार दिवसभर सारखा चालत नाही

दोन शब्द आधी समजून घेऊ. ठरावीक वेळात किती शेअर हातबदल झाले, तो व्हॉल्यूम. त्याच वेळात भाव किती वरखाली हेलकावला, ती व्होलॅटिलिटी. तिला इथे आपण साधं ‘हेलकावा’ म्हणू आणि पंधरा मिनिटांतल्या उच्चांकातून नीचांक वजा करून मोजू.

राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ९:१५ ला उघडतो आणि दुपारी ३:३० ला बंद होतो. ही ३७५ मिनिटं होतात, म्हणजे पंधरा मिनिटांचे बरोबर २५ तुकडे. प्रत्येक तुकड्याचा व्हॉल्यूम कागदावर मांडला तर आकार घमेल्यासारखा दिसतो: दोन्ही कडा उंच, मध्ये खोलगट. हेलकाव्याचा आकारही जवळपास तसाच असतो, फक्त त्याची सकाळची कडा संध्याकाळच्या कडेपेक्षा बरीच उंच असते. अमेरिकेच्या बाजारात हा आकार १९८० च्या दशकातच अभ्यासकांनी नोंदवला होता. आपल्याकडेही मोठ्या शेअरचे वीस-पंचवीस दिवसांचे आकडे मांडले की तोच दिसतो.

पहिली पंधरा मिनिटं इतकी पिसाळलेली का असतात

लासलगावच्या आवारात सकाळी कांद्याचा लिलाव सुरू होताना पाहिला असेल तर हे चटकन कळेल. पहिल्या ट्रॅक्टरवर बोली लागते तेव्हा आज एकूण आवक किती, बाहेरून मागणी कशी, शेजारच्या आवारात भाव काय निघाला, याचा कुणालाच पुरता अंदाज नसतो. म्हणून पहिल्या काही गाड्यांचे भाव विस्कळीत निघतात. पंधरा-वीस गाड्या गेल्या की आजचा भाव म्हणजे काय ते व्यापाऱ्यांना उमगतं आणि बोल्या एकमेकींच्या जवळ येतात.

शेअर बाजार आदल्या दिवशी साडेतीनला बंद झाल्यापासून पावणेअठरा तास झोपलेला असतो. अमेरिकेचा बाजार तर आपला बंद झाल्यानंतर, हिवाळ्यात रात्री आठला आणि उन्हाळ्यात सातला, उघडतो. तिथे काय झालं, संध्याकाळी कुणाचे निकाल आले, रात्री कुठली बातमी फुटली, हे सगळं सकाळच्या भावात एकदम ओतायचं असतं. ९:०० ते ९:०८ या प्री-ओपन सत्रात ऑर्डर गोळा करून त्यातून एक सुरुवातीचा भाव काढला जातो. पण तो त्या आठ मिनिटांत आलेल्या ऑर्डरपुरताच असतो. खरी झटापट ९:१५ नंतर होते.

त्यात रात्री टाकून ठेवलेल्या ऑर्डर एकदम आत येतात, कालपासून हातात असलेल्या पोझिशनचे स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठरावीक भावाला थांबवणाऱ्या ऑर्डर, धडाधड लागतात आणि मोठे खेळाडू भाव स्थिरावेपर्यंत हात आखडता घेतात. परिणाम मार्केट डेप्थच्या खिडकीत दिसतो. विकत घेणाऱ्याचा सर्वांत चांगला भाव आणि विकणाऱ्याचा सर्वांत चांगला भाव यांतलं अंतर म्हणजे स्प्रेड. दुपारी जिथे तो पाच-दहा पैसे असतो, तिथे सकाळी काही क्षण तो तीस-चाळीस पैसेही होतो. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर टाकणारा हे अंतर स्वतःच्या खिशातून भरतो आणि ते कुठल्याच कॉन्ट्रॅक्ट नोटवर ‘खर्च’ म्हणून छापलेलं नसतं.

मग दुपारी काय बिघडतं?

दुपारची अडचण उलटी आहे. साधारण साडेअकरापासून दीडपर्यंत रात्रीच्या बातम्या भावात मुरलेल्या असतात आणि नवं काही आलेलं नसतं. ज्यांना दिवसाअखेरीच्या आत मोठी खरेदी-विक्री उरकायची आहे ते ती सकाळी तरी करतात किंवा शेवटच्या तासात तरी, कारण गर्दीत मोठी ऑर्डर लपते. रिकाम्या रस्त्यावर ट्रक लगेच नजरेत भरतो. म्हणून मोठे लोक दुपारी थांबतात आणि ते थांबले म्हणून दुपार आणखी रिकामी होते.

आता हिशेब. खालचे शेअरचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, खर्चाचे दर मात्र प्रत्यक्षातले आहेत. ५०० रुपयांचे २०० शेअर, म्हणजे एक लाखाचा व्यवहार. प्रत्येक बाजूची दलाली २० रुपये धरली तर ४०. विक्रीवर एसटीटी हा व्यवहार कर ०.०२५ टक्के, म्हणजे २५ रुपये. एक्स्चेंजचं शुल्क साधारण ६, खरेदीवरची स्टॅम्प ड्युटी ३ आणि दलाली-शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी सुमारे ८. एकूण ८२ रुपये, म्हणजे दर शेअरमागे ४१ पैसे. घेताना दहा आणि विकताना दहा पैसे स्प्रेडमध्ये गेले तर ६१ पैसे.

सकाळी पावणेदहाला याच शेअरचा पंधरा मिनिटांचा हेलकावा तीन रुपये असेल, तर ६१ पैसे हा त्याचा पाचवा भाग झाला. दुपारी सव्वाबाराला हेलकावा सव्वा रुपयावर आला, तर तोच खर्च निम्मा हेलकावा खातो. शिवाय तळ आणि शिखर नेमकं कुणालाच पकडता येत नाही. म्हणजे दुपारी अंदाज बरोबर येऊनही हातात फारसं काही उरत नाही. दुपारी ‘थोडंसं’ कमावायला जाणाऱ्यांचा पैसा असा गळतो. त्यात अंदाज चुकलेलाच असतो असं नाही.

स्वतःच्या शेअरचं घड्याळ कसं काढायचं

साडेअकरा ते दीड ही वेळ ढोबळ आहे. प्रत्येक शेअरचं घमेलं थोडं वेगळं असतं, म्हणून ते स्वतः काढलेलं बरं. गेल्या २० दिवसांच्या पंधरा मिनिटांच्या कँडलचा, म्हणजे प्रत्येक तुकड्यातल्या भावांचा आणि व्हॉल्यूमचा, डेटा शीटमध्ये उतरवा. २० दिवस गुणिले २५ तुकडे म्हणजे ५०० ओळी. ए स्तंभात तारीख, बी मध्ये तुकड्याचा क्रमांक १ ते २५, सी मध्ये उच्चांक, डी मध्ये नीचांक, ई मध्ये व्हॉल्यूम आणि एफ मध्ये सी वजा डी. वेळेऐवजी क्रमांक ठेवायचा, कारण वेळेचे आकडे शीटमध्ये बारीकशा दशांशाने चुकतात आणि सूत्राला जुळणी सापडत नाही. मग चौथ्या तुकड्याचा, म्हणजे १०:०० ते १०:१५ चा, नेहमीचा व्हॉल्यूम आणि हेलकावा असा निघतो:

```
=MEDIAN(FILTER(E2:E501,B2:B501=4))
=MEDIAN(FILTER(F2:F501,B2:B501=4))
```

सरासरी न घेता मध्यक घेतला आहे. निकालाच्या एकाच दिवशी व्हॉल्यूम आठपट झाला तर सरासरी फुगते; मध्यक जागचा हलत नाही. दोन ठिकाणी फसगत होते. वीस दिवसांच्या आत बोनस किंवा शेअरचं विभाजन झालं असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे एका मापाचे राहत नाहीत. आणि काही ठिकाणच्या डेटात प्री-ओपनचा व्हॉल्यूम पहिल्या कँडलमध्ये मिसळलेला असतो. पहिल्या तुकड्यात आपण व्यवहारच करणार नसल्यामुळे त्याचा त्रास होत नाही, पण आकडा पाहून दचकू नये.

या तक्त्याचा खरा उपयोग तुलना करताना होतो. चार्टवर बहुतेक जण आत्ताचा व्हॉल्यूम आधीच्या कँडलशी ताडतात. त्यामुळे दुपारी नऊ हजारांचा अठरा हजार झाला की ‘व्हॉल्यूम दुप्पट, ब्रेकआउट!’ असं वाटतं, जरी त्या वेळचा नेहमीचा आकडा बावीस हजार असला तरी. सकाळी उलट होतं: पावणेदहाचा व्हॉल्यूम सव्वानऊच्या मानाने लहान दिसतो आणि जोर संपल्यासारखा वाटतो, पण तो त्या वेळेच्या मानाने जास्तही असू शकतो. तुलना आजच्या दहाची कालच्या, परवाच्या दहाशी करायची. आजच्या नऊशी नाही. द्वारका चौकातल्या सकाळच्या गर्दीवरून दुपारची गर्दी जोखण्यासारखं ते होईल.

नियम, आणि त्यांवर चालवून पाहिलेला एक दिवस

नियम थोडेच आहेत. पावणेदहापर्यंत फक्त पाहायचं आणि त्या अर्ध्या तासातला उच्चांक व नीचांक लिहून ठेवायचा. पावणेदहानंतर पंधरा मिनिटांची कँडल त्या पट्ट्याबाहेर बंद झाली आणि तिचा व्हॉल्यूम त्या तुकड्याच्या मध्यकाच्या दीडपट किंवा जास्त असेल, तरच आत जायचं. स्प्रेड भावाच्या ०.०५ टक्क्यांहून मोठा असेल, म्हणजे ५०० रुपयांच्या शेअरला २५ पैशांहून जास्त, तर थांबायचं. स्टॉपलॉसचं अंतर त्या तुकड्याच्या नेहमीच्या हेलकाव्याहून लहान ठेवायचं नाही, नाहीतर तो बाजाराच्या साध्या श्वासानेही उडतो. साडेअकरा ते दीड नवी खरेदी बंद. पावणेतीननंतरही बंद.

आता तोच ५०० रुपयांचा शेअर घेऊ. रात्री चांगले निकाल आले आणि सकाळी तो ५०८ ला उघडला. पहिल्या काही मिनिटांत ५१२ ला गेला, मग ५०४.५० पर्यंत आपटला आणि पावणेदहापर्यंत ५०६ ते ५११ मध्ये घुटमळला. पट्टा ठरला: ५०४.५० ते ५१२.

९:१७ ला घाईने मार्केट ऑर्डर टाकणाऱ्याला पडद्यावर ५११ दिसत होते, मिळाला ५११.८० ला. तीन रुपयांचा स्टॉपलॉस ५०८.८० ला होता, तो घसरणीत ५०८.५० ला लागला. २०० शेअरवर ६६० रुपये तोटा आणि वर साधारण ८४ रुपये खर्च. गंमत अशी की त्याचा अंदाज बरोबर होता. शेअर दिवसअखेर वरच जाणार होता.

आपल्या नियमांनी पाहणाऱ्यासमोर ९:४५ ते १०:०० ची कँडल ५१२.६० ला, म्हणजे पट्ट्याच्या वर बंद झाली. पण व्हॉल्यूम ९० हजार आणि त्या तुकड्याचा मध्यक ८० हजार, म्हणजे जेमतेम सव्वापटीच्या आत. सोडून दिली. पुढची कँडल ५१४.२० ला बंद झाली, नीचांक ५११.५०, व्हॉल्यूम १ लाख १२ हजार. मध्यक ७० हजार, म्हणजे १.६ पट. स्प्रेड दहा पैसे. ५१४.३० ची लिमिट ऑर्डर, म्हणजे त्याहून महाग न घेणारी, टाकली आणि भरली गेली.

स्टॉपलॉस कँडलच्या नीचांकाखाली ५११.४० ला, म्हणजे २.९० रुपयांवर. या तुकड्याचा नेहमीचा हेलकावा २.६० आहे, तेव्हा अंतर पुरेसं. खर्चासह दर शेअरमागे जोखीम सुमारे साडेतीन रुपये. एका व्यवहारात ७०० रुपयांहून जास्त घालवायचे नाहीत असं ठरवलं असेल तर २०० शेअर. स्टॉपलॉस ऑर्डर टाकताना ट्रिगर, म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, ५११.४० आणि लिमिट ५१०.९० ठेवावी. दोन्ही एकच ठेवली आणि भाव झपकन खाली गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते आणि शेअर हातात.

साडेअकराला भाव ५१८.६० होता. इथे आणखी एक नियम लागतो: तोपर्यंत नफा सुरुवातीच्या जोखमीइतका झाला नसेल तर बाहेर पडायचं, कारण पुढचे दोन तास भाव पुढे ढकलायला कुणी नसतं. इथे नफा ४.३० होता, म्हणून थांबलो आणि स्टॉपलॉस खर्च निघेल अशा ५१५ वर आणला. पावणेएकला भाव अगदी कमी व्हॉल्यूमवर ५१५.६० पर्यंत सुस्तावला. दुपारच्या असल्या घसरणीत ना भर घालायची, ना घाबरायचं. सव्वादोनला स्टॉपलॉसच्या मूळ अंतराच्या दुपटीवरचं, म्हणजे ५२०.१० चं लक्ष्य आलं. ५.८० रुपये गुणिले २०० म्हणजे ११६०, खर्च जाऊन साधारण १०७६ रुपये. दर वेळी असं होत नाही. व्हॉल्यूमची अट पूर्ण करूनही परत पट्ट्यात शिरणाऱ्या कँडल भरपूर असतात आणि त्या दिवशी ७०० रुपये जातात.

‘पण पैसा तर पहिल्या पंधरा मिनिटांतच असतो!’

हेलकावा असतो, हे खरं. पण सकाळचा पंधरा मिनिटांचा हेलकावा साडेसात रुपये असेल तर स्टॉपलॉसही तेवढाच लांब ठेवावा लागतो आणि तीच ७०० रुपयांची जोखीम धरली तर २०० ऐवजी ८०-८५ शेअरच घेता येतात. जास्त हेलकावा आणि कमी शेअर यांचा गुणाकार तिथल्या तिथेच राहतो, वर रुंद स्प्रेडचा खर्च वाढतो. २०० शेअर घेऊन तीन रुपयांचा स्टॉपलॉस लावणं हा मात्र दोन्हीकडून मार खायचा रस्ता.

एक किंमत मात्र मोजावी लागते. काही दिवशी शेअर ९:१५ ला जो सुटतो तो मागे वळून पाहत नाही. पावणेदहाला तो पट्ट्याच्या इतका वर असतो की योग्य स्टॉपलॉस बसतच नाही. तो दिवस हुकतो आणि त्याला इलाज नाही.

‘दुपारी बातमी आली तर?’

कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक दुपारी संपते आणि निकाल बाजार चालू असतानाच येतात, असं पुष्कळदा होतं. युरोपचे बाजारही आपल्या दुपारी उघडतात: उन्हाळ्यात साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. म्हणून ‘दीड’ ही रेघ वर्षभर एकाच जागी नसते. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये दुपारची पेंग थोडी आधी मोडते, हे तुमच्याच तक्त्यात दिसेल, फक्त डेटा त्या ऋतूतला हवा. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी दहाला जाहीर होतं. त्या दिवशी बँकांच्या शेअरपुरतं घड्याळ दहाला पुन्हा सुरू झालं असं समजावं आणि पहिला अर्धा तास नव्याने मोजावा.

खरी बातमी असेल तर व्हॉल्यूम मध्यकाच्या तीन-चार पट होतो. तेव्हा दुपारची बंदी उठवायला हरकत नाही, पण बातमीनंतरची पहिली पंधरा मिनिटं सोडूनच.

‘शेवटच्या तासात इतकी गर्दी असते, मग पावणेतीनला का थांबायचं?’

कारण तिथली बरीचशी गर्दी घेणाऱ्यांची नसून सुटका करून घेणाऱ्यांची असते. इंट्राडे पोझिशन ब्रोकर साधारण ३:१५ ते ३:२५ च्या दरम्यान स्वतःहून मोडतात. नेमकी वेळ प्रत्येकाची वेगळी आणि त्यासाठी वेगळं शुल्कही बहुतेक जण लावतात. पावणेतीनला घेतलेल्या शेअरला चुकण्यासाठी जेवढा वेळ लागतो तेवढा असतो, बरोबर ठरण्यासाठी नसतो. दीड ते पावणेतीन ही दुपारची खिडकी मात्र वापरण्याजोगी आहे. तिथे पट्टा सकाळचा न घेता साडेअकरा ते दीडचा घ्यावा आणि व्हॉल्यूमची दीडपटीची अट तशीच ठेवावी.

सातपूर-अंबडला दुसऱ्या पाळीला जाणाऱ्याला पावणेदहा ते साडेअकरा ही खिडकी मोकळी मिळते. पहिल्या पाळीवाल्याला दोन्ही मिळत नाहीत, आणि कामाच्या मध्येच मोबाइलवर सव्वाबाराची कँडल पाहून घेतलेला शेअर हा वरच्या हिशेबातला सर्वांत महागडा असतो.

हे घड्याळ कुठे चालत नाही

सराफ बाजारातले कितीतरी जण एमसीएक्स या वायदे बाजारात सोनं-चांदी करतात. तिथे बाजार सकाळी नऊला उघडून रात्री उन्हाळ्यात साडेअकरापर्यंत आणि हिवाळ्यात ११:५५ पर्यंत चालतो आणि भाव ठरवणारे मोठे व्यवहार लंडन-न्यूयॉर्कच्या वेळेनुसार होतात. त्यामुळे तिथली मोठी कडा संध्याकाळी असते आणि सकाळचा बराच भाग सुस्त जातो. निफ्टी ऑप्शनच्या साप्ताहिक एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशी, सध्या मंगळवारी, निर्देशांकातल्या मोठ्या शेअरचा शेवटचा तास इतर दिवसांसारखा वागत नाही, म्हणून ते दिवस तक्त्यात वेगळे काढावेत. आणि ज्या शेअरमध्ये पंधरा मिनिटांत काही शेच शेअर हलतात, तिथे मध्यक काढूनही उपयोग नाही; एकाच माणसाची ऑर्डर त्याला दुप्पट करून टाकते.